चार शेअर्समध्ये सारखे पैसे म्हणजे सारखी रिस्क नव्हे: इन्व्हर्स व्होलाटिलिटी वेटिंग



व्हिडिओत मी शीट उघडून दाखवली होती, पण आकडे पटापट पुढे गेले अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. म्हणून इथे सावकाश बघूया.

आपल्या बॅचमधल्या एका हार्डवेअर दुकानदाराचा प्रश्न होता: "सर, मी ३,५५,००० रुपये चार शेअर्समध्ये सारखे वाटले. तरी रोज संध्याकाळी माझा नफा-तोटा फक्त मेटलच्या शेअरवर का ठरतो?"

त्यांना मी उलटा प्रश्न विचारला. दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना सारखी उधारी देता का? नाही ना. जो वेळेवर देतो त्याची मर्यादा जास्त, ज्याचा भरवसा नाही त्याची कमी. शेअर्समध्ये मात्र आपण सगळ्यांना सारखी उधारी देऊन बसतो.

आता आकडे घेऊ. हे उदाहरणासाठी धरलेले आहेत, पण अवास्तव नाहीत. वर्षाची व्होलाटिलिटी, म्हणजे भावाचा चढउतार, अशी समजा: एफएमसीजी १६%, बँक २०%, फार्मा २५%, मेटल ४०%. प्रत्येकात ८८,७५० रुपये. पैसे गुणिले व्होलाटिलिटी केलं की त्या शेअरमध्ये एका साधारण वर्षात किती रुपये वर-खाली होऊ शकतात याचा अंदाज येतो. एफएमसीजीचे येतात १४,२०० आणि मेटलचे ३५,५००. पैसे सारखे, हेलकावा अडीच पट. दुकानदाराचा प्रश्न इथेच सुटतो.

उपाय सोपा आहे. प्रत्येक शेअरची व्होलाटिलिटी उलटी करायची, म्हणजे १ भागिले व्होलाटिलिटी. १६% चे ६.२५, २०% चे ५, २५% चे ४ आणि ४०% चे २.५. बेरीज १७.७५. आता ज्याचा त्याचा आकडा भागिले बेरीज, हे झालं त्याचं वेटेज. ३,५५,००० वाटले तर एफएमसीजीला १,२५,०००, बँकेला १,००,०००, फार्माला ८०,००० आणि मेटलला ५०,०००. परत गुणून बघा. चारही ठिकाणी उत्तर २०,००० रुपयेच येतं. एनएसईचा निफ्टी १०० लो व्होलाटिलिटी ३० इंडेक्सही निवडलेल्या शेअर्सना वेटेज देताना कमी हलणाऱ्याला जास्त वाटा देतो. कल्पना तीच.

व्होलाटिलिटी काढायची कशी? गुगल शीटमध्ये A1 मध्ये पहिली ओळ टाका, C3 मध्ये दुसरी टाकून खाली ओढा, आणि तिसरी E1 मध्ये:

```
=GOOGLEFINANCE("NSE:RELIANCE","close",TODAY()-365,TODAY(),"DAILY")
=B3/B2-1
=STDEV.S(C3:C)*SQRT(252)
```

दुसरी ओळ रोजचा टक्केवारी बदल काढते. तिसरी त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन घेऊन वर्षाचं करते. वर्षात ट्रेडिंगचे दिवस साधारण २५० असतात, म्हणून २५२ चं वर्गमूळ.

पण E1 मधल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आधी C कॉलममधला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात मोठा आकडा बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला आणि भाव एका दिवसात निम्मा दिसू लागला. गुंतवणूकदाराचं काही गेलं नाही, कारण शेअर्स दुप्पट झाले. पण तुमच्या डेटात हा बदल समायोजित केलेला नसेल, तर शीटला तो ५०% ची घसरण वाटेल. वर्षभरातला असा एकच दिवस २०% व्होलाटिलिटीच्या शेअरला साधारण ५४% वर नेऊन ठेवतो, आणि त्याचा उलटा आकडा जवळपास एक तृतीयांश होतो. तुम्ही मात्र समजाल की शेअरच धोकादायक आहे.

याच्या उलटी चूक जास्त महाग पडते. छोट्या कंपनीचा शेअर ५% च्या लोअर सर्किटला अडकला आहे, रोज बरोबर ५% खाली. स्टँडर्ड डेव्हिएशन मोजतं ते सरासरीपासूनचं अंतर. रोजचा आकडा सारखाच असेल तर अंतर शून्य! वीस दिवसांत १०० रुपयांचा शेअर ३६ वर येतो, आणि फक्त तेवढेच दिवस घेतले तर शीट म्हणते व्होलाटिलिटी शून्य. सूत्र त्यालाच सगळ्यात जास्त पैसे द्यायला निघेल. ज्या शेअरमध्ये फारसे सौदेच होत नाहीत त्याचंही तेच, भाव हलत नाही म्हणून तो शांत दिसतो. C कॉलममध्ये शून्य किंवा तोच तो आकडा वारंवार दिसला, की तो शेअर या पद्धतीत घेऊ नका. मी तर सरळ बाहेर काढतो.

आता खरी मेख. २०,००० सगळीकडे आले म्हणजे चौघांची रिस्क सारखी झाली का? प्रत्येक शेअर एकटा बघितला तर हो. पण पोर्टफोलिओत कोण कोणाबरोबर हलतो, यावरही वाटा ठरतो. समजा फार्माच्या जागी दुसरी बँक घेतली, आणि तिचेही २०,००० आले. दोन बँकांचं आपसातलं कोरिलेशन ०.८, बाकी सगळ्या जोड्यांचं ०.२. प्रत्येकाची एकट्याची रिस्क सारखी केलेली असल्यामुळे पुढचा हिशोब फक्त बेरजेचा उरतो. स्वतःचा १, अधिक बाकी तिघांशी असलेलं कोरिलेशन. बँकेचे १ + ०.८ + ०.२ + ०.२ = २.२. एफएमसीजी आणि मेटलचे प्रत्येकी १.६. एकूण ७.६. म्हणजे दोन बँका मिळून जवळपास ५८% रिस्क, आणि बाकी दोघांची प्रत्येकी २१%. तुम्हाला वाटत होतं पन्नास-पन्नास.

शीटमध्ये `CORREL` ने दोन शेअर्सच्या रोजच्या टक्केवारी बदलांची जोडी तपासता येते. सगळ्या जोड्यांचे आकडे जवळपास सारखे असतील तर साधं सूत्र पुरेसं आहे. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा खूप वर दिसली, तर त्या दोघांना मिळून एकच खुर्ची द्या. दोघांच्या रोजच्या बदलांची सरासरी काढा, त्या सरासरीची व्होलाटिलिटी घ्या, तीच उलटी करा, आणि मिळालेली रक्कम दोघांत निम्मी वाटा.

परत परत वाटणी किती वेळा करायची? व्होलाटिलिटी रोज बदलते, पण तिच्यामागे धावलात तर खर्च खाऊन टाकेल. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना दोन्हीकडे ०.१% एसटीटी लागतो, आणि वर्षाच्या आत नफ्यात विकलं तर २० टक्के टॅक्स. मी तीन महिन्यांनी शीट उघडतो. एखाद्या शेअरची रक्कम ठरलेल्यापेक्षा चौथ्या हिश्श्याहून जास्त सरकली असेल तरच हात लावतो. मेटलचे ५०,००० ठरले असतील आणि आता ५५,००० झाले असतील तर राहू द्या. ६५,००० झाले तर विचार करा. नवीन पैसे घालणार असाल तर विकायचीही गरज नाही, मागे पडलेल्या शेअरमध्ये ते घाला.

आणि हो, सूत्र ५०,००० म्हणेल, पण शेअरचा भाव ९,००० असेल तर पाचच शेअर येतील, ४५,००० चे. चालतं. इथे रुपयापर्यंत जुळवत बसू नका, कारण १६% हा आकडाच पुढच्या वर्षी १९ होऊ शकतो.

तुमच्या चार-पाच शेअर्सची शीट करून बघा, आणि कुठली जोडी ०.७ च्या वर जाते ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच दोन-तीन जोड्या घेऊ.