शस्त्रक्रियेआधीचे दहा दिवस

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरलेल्या कुपोषित रुग्णाबद्दल आहारतज्ज्ञ सर्जनला पत्र लिहितो, तेव्हा त्यात मुख्य मागणी एकच असते: तारीख सात ते चौदा दिवस पुढे ढकलावी. कर्करोग असला तरी तेवढे थांबणे योग्य मानले जाते, कारण खंगलेल्या शरीरात आतड्याचा जोड गळणे आणि जखम चिघळणे यांचा धोका वाढतो. आतडे फुटले असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर मात्र शस्त्रक्रिया लगेचच करावी लागते.

समजा, रुग्णाची उंची १६५ सेंटिमीटर आहे आणि चार महिन्यांत वजन ५८ किलोवरून ४७ वर आले आहे. ही घट १९ टक्के झाली. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट झाली तरी ती गंभीर समजतात. गाठीमुळे जठराचे तोंड अरुंद झाले आहे, आदल्या दिवशीची पेज दुसऱ्या दिवशी उलटीतून पडते. अशा रुग्णाला 'दूध-अंडी भरपूर द्या' हा सल्ला निरुपयोगी. पत्रात एंडोस्कोपीच्या मदतीने नाकातून नळी घालून ती गाठीपलीकडे, लहान आतड्यापर्यंत नेण्याची सूचना असते. नळी तिथवर जातच नसेल, तर शिरेतून पोषण द्यावे लागते.

उद्दिष्ट किलोमागे रोज ३० कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिने, म्हणजे सुमारे १४०० कॅलरी आणि ७० ग्रॅम प्रथिने. पण पहिल्याच दिवशी एवढे देणे घातक ठरू शकते. दीर्घ उपासमारीनंतर अचानक अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू थकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून आधी थायमिन देतात, मग मिलिलिटरला एक कॅलरी असलेले फीड ताशी २० मिलिलिटरने सुरू करतात. दिवसाला ४८० कॅलरी झाल्या. रोज रक्त तपासत, आठवडाभरात वेग ताशी ६० पर्यंत नेतात. साध्या फीडमधून प्रथिने कमी पडतात, ती पावडरने भरून काढतात.

दोन दिवसांत दोन किलो वाढले म्हणून घरचे सुखावतात. ते बहुतेक पाणी असते. पायांवर सूज आहे का, हे बघावे. अल्ब्युमिनवरही विसंबता येत नाही. ते आजाराच्या दाहाने उतरते आणि दहा दिवसांच्या आहाराने फारसे चढत नाही, त्यामुळे ते चढेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवणे चूक. ठरलेले फीड पोटात टिकते आहे, फॉस्फेट स्थिर आहे, हाताची पकड सुधारली आहे, रुग्ण उठून चार पावले चालतो आहे, एवढे दिसले की आहारतज्ज्ञ सर्जनला शस्त्रक्रियेची तारीख पक्की करण्यास कळवतो.