सात टक्के एकदाच मोजा

अमरावतीच्या राजकमल चौकाजवळ बसणाऱ्या एका सल्लागाराने मला जो कागद दिला, त्यावर ‘अपेक्षित परतावा २८.४ टक्के’ असं ठळक छापलं होतं. खाली एपीटी, तीन फॅक्टर, तीन बीटा. अकोल्याच्या जिनिंगमध्ये उभा जन्म हिशेब लिहिण्यात गेलेल्या माणसासमोर हा कागद ठेवताना त्याने निदान बेरीज तरी तपासायला हवी होती. फी मात्र आधीच घेतली होती.

टोपली होती खाद्यतेल, बियाणं आणि खतांच्या शेअर्सची. कागदावरची मांडणी अशी. बिनजोखमीचा दर ७ टक्के. बाजाराशी संवेदनशीलता ०.८ आणि बाजार-फॅक्टरच्या पोर्टफोलिओचा अपेक्षित परतावा १३ टक्के. औद्योगिक वाढीशी ०.५, परतावा १० टक्के. अनपेक्षित महागाईशी १.२, परतावा ५ टक्के. मग ७ + १०.४ + ५ + ६ = २८.४.

मी म्हणालो, ‘‘१३ हा पूर्ण परतावा झाला. रिस्क प्रीमियम कुठे आहे?’’ त्यावर तो हसला. ‘‘काका, तुम्ही काहून एवढं खोलात जाता जी? सॉफ्टवेअरनं काढलं आहे.’’ शेजारच्या खुर्चीतला त्याचा पोऱ्याही हसला. ते हसू मी विसरलेलो नाही.

स्टीफन रॉस यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या एपीटी या सिद्धांतात बीटाला गुणायचं ते प्रीमियमने, म्हणजे फॅक्टर-पोर्टफोलिओच्या परताव्यातून बिनजोखमीचा दर वजा करून उरतं त्याने. १३ चे ६ होतात, १० चे ३ आणि ५ चे उणे २. आता ७ + ४.८ + १.५ − २.४ = १०.९. फरक साडेसतरा टक्क्यांचा. तो आला कुठून? तिन्ही बीटांची बेरीज २.५, गुणिले ७. म्हणजे सरकारी रोख्यावर फुकट मिळणारे सात टक्के त्याने एकदा घेतले आणि वर अडीच वेळा पुन्हा घेतले.

मी त्याच्याच पेनाने त्याच कागदामागे लिहून दाखवलं. बाजार-फॅक्टरचाच पोर्टफोलिओ घ्या. त्याचा बाजाराशी बीटा १, बाकी दोन शून्य. तुमच्या रीतीने परतावा ७ + १३ = २०. पण तुम्हीच वर १३ लिहिला आहे! यावर तो गप्प झाला, मग मोबाइल बघू लागला आणि शेवटी म्हणाला, ‘‘हे पुस्तकी झालं.’’ फी परत करायचं नाव नाही.

सगळ्यात मोठी फसगत तिसऱ्या ओळीत होती. महागाई अचानक भडकली की ही टोपली वर जाते, म्हणून त्याने तिला जास्तीचे सहा टक्के बहाल केले. खरं तर उलट आहे. बाकी सगळं पडत असताना जो शेअर हात देतो, त्याला लोक आधीच चढा भाव मोजतात, म्हणून पुढचा परतावा कमी राहतो. प्रीमियम ऋण असतो तो त्यामुळे. इथे बीटा धन, प्रीमियम ऋण, म्हणून २.४ टक्के वजा. ज्या शेअरला महागाई मारते त्याचा बीटा ऋण, आणि ऋण गुणिले ऋण म्हणून त्याचा परतावा वाढतो.

असा कागद कोणी पुढे केला तर आधी बाजार-फॅक्टरच्या पोर्टफोलिओची वरची चाचणी लावा; पाच मिनिटं लागत नाहीत. सगळे बीटा शून्य धरले तर बरोबर बिनजोखमीचा दर यायला हवा, पण ही दुसरी चाचणी एकटी पुरत नाही. त्यात त्याचाही कागद पास झाला असता. बीटा किती वर्षांच्या मासिक आकड्यांवरून काढले आणि त्यांत चुकीची मर्यादा किती, हे विचारा. फॅक्टर कोणते घ्यायचे हे सिद्धांत सांगत नाही, ते माणूस निवडतो. म्हणून हेच तीन का, तेही विचारा. आणि सूत्र लागू पडतं ते भरपूर शेअर्समध्ये विखुरलेल्या पोर्टफोलिओला. चार-पाच शेअर्सच्या टोपलीत एकेका कंपनीची स्वतःची जोखीम तशीच उरते, आणि तिचा मोबदला हे सूत्र देत नाही.

बाकी नेहमीचंच: सेबीची नोंदणी पाहा, घाईत सही करू नका, फी आधी देऊ नका. घरी कपाशी-सोयाबीन असेल तर त्याच धंद्याचे शेअर घेण्याआधी दोनदा विचार करा. शेतमालाच्या भावाची जोखीम तुमच्या वावरात आधीच आहे.

१०.९ टक्के हा काही वाईट आकडा नव्हता. तोच सांगितला असता तर मी कदाचित पैसे ठेवलेही असते. त्याला २८.४ विकायचे होते. तुमच्या कागदावर वजाबाकी दिसत नसेल तर तो तिथेच परत करा.