वाङ्मय मंडळात बोलायला उभी राहशील तेव्हा

अगं, लातूरच्या तुझ्या कॉलेजात वाङ्मय मंडळासमोर ‘लीळाचरित्र’ घेऊन बोलणार म्हणालीस, तेव्हा बरं वाटलं. पण आठ मिनिटांत सगळं बसवायला जाऊ नकोस बाई. आणि इथं नांदेडला सगळ्यांना लागते ती खोड तुला नको. कुरुंदकर गुरुजींसारखं बोलायला जायचं आणि नुसता आवाज चढवून खाली बसायचं! ते पीपल्स कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत, वाचत आले होते. त्यांचं वाचन आवाज चढवून येत नसतं.

एक आधी सांगते. ‘मराठीतला पहिला ग्रंथ’ असं म्हणू नकोस. समोरच्या रांगेत मराठीचे एखादे सर बसलेले असतात, ते लगेच मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ काढतात, आणि तो 1188 चा मानतात. तू म्हण, आपल्या हाती आलेला मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ. म्हाइंभटांनी तो 1278 च्या सुमारास रिद्धपुरात सिद्ध केला. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांना होत्या त्यांना गाठायचं, विचारायचं, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचं, अशी त्यांची रीत. आपल्या नांदेड जिल्ह्याशी धागा हवाच असेल तर माहूर आहे ना. महानुभावांच्या परंपरेत चक्रपाणींना दत्तात्रेयांकडून शक्ती मिळाली ती तिथं. पण हे एका वाक्यात उरक. गावाचा अभिमान सांगून कुणी पुस्तक उघडत नाही.

खरा युक्तिवाद निराळा आहे, आणि तो तू नीट मांड. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली. मग ज्यांच्या पाठात लीळा होत्या त्यांनी त्या पुन्हा लिहून काढल्या. आता आठवणी कधी तंतोतंत जुळतात का? जुळल्या नाहीत. पण या लोकांनी एकच खरी धरून बाकीच्या पुसल्या नाहीत. कुणाच्या आठवणीत काय वेगळं आहे ते पोथ्यांत नोंदलं गेलं, आणि त्यात हिराइसा नावाच्या एका बाईच्या नावाचाही पाठ आहे. सभागृहात अर्धी पोरं नीटची तयारी करणारी असतील, त्यांना हे सांग. कुणी काय पाहिलं, कुणी सांगितलं, दुसरा काय म्हणतो, हे जपून ठेवणारा ग्रंथ सातशे वर्षांपूर्वी मराठीत झाला, हे त्यांना ‘अजरामर’सारख्या शब्दापेक्षा जास्त पटेल.

दुसरं म्हणजे बायका. महदाइसा आहे, बाइसा आहे. महदाइसा तर स्वामींना विचारून विचारून भंडावून सोडते, आणि तिचे प्रश्न कुणी गाळलेले नाहीत. विटाळाबद्दलचं स्वामींचं मत मला फार आवडतं: शरीराच्या इतर मळांसारखाच तो एक, त्यात अपवित्र काही नाही. हे बोलायला तुला अवघड वाटेल, पण सांग. खाली बसलेल्या मुलींपैकी किती जणींना आजही घरात बाजूला बसवतात, ते तुला ठाऊक आहेच.

मग एक लीळा वाचून दाखव, सशाची. पारध्यांनी मागं लावलेला ससा येऊन स्वामींच्या गुडघ्याखाली लपतो. पारधी म्हणतात, आमचा ससा द्या. स्वामी म्हणतात, शरण आलेल्याला कसा देऊ? छोट्या छोट्या वाक्यांत हे बोलणं चाललंय. तेवढंच वाच, पानभर, त्याहून जास्त नको. सुरात नको, पोथी लावल्यासारखं नको. ओसरीवर दोघं जण बोलतात तसं वाच. आदल्या दिवशी मोठ्यानं वाचून बघ, कुठं जीभ अडखळते तिथं पेन्सिलीनं खूण कर. कुणी जुन्या रूपांवर हसलं तर थांबू नकोस, पुढच्या दोन वाक्यांत कान सवय करून घेतो.

अडचण लपवू नकोस हं. काही लीळांतले चमत्कार आपल्याला पटत नाहीत, काही जागा पंडितांनाही नीट लागत नाहीत. तसं सांगून टाक. पण ‘भोळ्या समजुती’ म्हणून मोकळी होऊ नकोस. कुणाच्या घरी हा धर्मग्रंथ आहे, आणि तुझ्याच वर्गात महानुभाव घरातलं कुणी असेल. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता, आपण तो साहित्य म्हणूनही वाचू शकतो, एवढंच म्हण.

शेवटी ‘वाचा वाचा’ करत बसू नकोस. कोलत्यांनी संपादित केलेली 1978 ची आवृत्ती तुमच्या ग्रंथालयात आहे का ते आधी विचारून ये, कपाट कोणतं ते सांग. आणि सशाच्या लीळेच्या पंचवीस-तीस झेरॉक्स काढून दाराशी ठेव. पैसे मी पाठवते.