गाडीत ठेवायचा भाग आणि पीएलए

एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी साडेतीनला गाडीचं दार उघडलं, तर मोबाइल पायाशी पडलेला. डॅशबोर्डवरचा होल्डर मान टाकून बसला होता. कुठे तुटला नव्हता, तडाही नव्हता. नुसता वाकला होता. मोबाइल धरणारा चिमटा फाकून तसाच राहिला होता. थंड झाल्यावरही तो परत मिटला नाही, तेव्हा कळलं की चूक डिझाइनची नाही, फिलामेंटची आहे.

भाग छापून देणाऱ्याला मी आधीच सांगितलं होतं, हा उन्हात उभ्या गाडीत राहणार आहे. त्याचं उत्तर होतं, "पीएलए प्लस आहे साहेब, काही होत नाही." वाकलेला होल्डर समोर ठेवल्यावर म्हणाला, "गाडी सावलीत लावायची ना!" पैसे तर नाहीतच, साधी दिलगिरीही नाही. आजही आठवलं की राग येतो.

पीएलए साधारण ६० अंशांला मऊ पडतं. 'प्लस'मुळे ते कमी ठिसूळ होतं, पण हा आकडा फारसा हलत नाही. कार्बन फायबर मिसळलेल्या पीएलएचंही तेच. नंतर मी डॅशबोर्डवर थर्मामीटर ठेवून पाहिलं, ७८ अंश! काळा भाग थेट उन्हात असेल तर त्याहून तापतो.

दुसरा होल्डर पीईटीजीचा केला. ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून वाटलं निभावेल. तीन आठवड्यांत चिमटा सैल झाला. सतत ताण असेल तर प्लास्टिक त्या आकड्याच्या खालीही हळूहळू सरकत राहतं. सीटखालच्या, ताण नसलेल्या डबीला पीईटीजी चालेल. काचेखालच्या चिमट्याला नाही.

शेवटी एएसए घेतलं. ते १०० अंशांच्या आसपास तग धरतं आणि उन्हात एबीएससारखं पिवळं, ठिसूळ होत नाही. पण छापायला ते हट्टी आहे. बेड १०० अंशांला, प्रिंटर बंद पेटीत, पंखा जवळजवळ बंद. नाहीतर कोपरे उचलतात किंवा थर सुटतात. वास उग्र येतो, त्याची वाफ अंगाला चांगली नाही. खोली हवेशीर हवी आणि तिथे झोपू नये. चिमट्याची बोटं आडवी ठेवून छापा, म्हणजे वाकताना ताण थरांच्या सांध्यांवर येत नाही.

बाहेरून छापून घेणार असाल तर फिलामेंटचं नाव बिलावर लिहून घ्या. भाग हाती आला की ८० अंशांच्या पाण्यात, मोबाइलइतकं वजन टांगून, तासभर ठेवा. पीएलए काही मिनिटांतच वाकतं. माझा एएसएचा होल्डर तासाभरानंतरही सरळ होता आणि मे महिना त्याने गाडीतच काढला.