चेहऱ्यावरचं तेज आणि रक्तातलं लोह

डोंबिवलीत राहणाऱ्या आणि ठाण्याला नोकरीला जाणाऱ्या एका अडतीस वर्षांच्या ताईंचा हा अनुभव. त्यांचा चेहरा वर्षभरात हळूहळू उतरत गेला. सावळ्या रंगावर एक राखाडी झाक आली, डोळ्यांखालची वर्तुळं गडद झाली, कंगव्यात केस जास्त दिसू लागले. ‘झोप पुरी होत नाहीये तुझी’, ‘पाणी कमी पितेस’, ‘बीट-गाजराचा रस सुरू कर, रक्त वाढतं’ असे सल्ले घरातून आणि डब्यातल्या मैत्रिणींकडून मिळाले. ताईंनी तिन्ही मनापासून पाळले. हे सल्ले खोटे नाहीत. पण प्रत्येकाचं बळ कुठवर पोचतं हे ठाऊक नसल्याने त्यांचे कित्येक महिने वाया गेले.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण त्यांनी सगळ्यात जास्त जोर तिथेच लावला होता. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं, त्यामुळे रोजचा प्रवास करणाऱ्या असंख्य बायका सकाळी घोटभरच पाणी पितात. ताईही तेच करत आणि दिवसाची भरपाई संध्याकाळी घरी आल्यावर बाटल्या रिकाम्या करून करत. परिणामी रात्री दोन-तीनदा उठणं आलं आणि जी झोप सुधारायची होती तीच मोडली. दिवसाला अमुक इतके लिटर पाणी प्यायलंच पाहिजे या समजुतीचं मूळ बरेच जण अमेरिकेतल्या 1945 सालच्या एका आहार-शिफारशीत शोधतात. त्यात मोठ्या माणसासाठी साधारण अडीच लिटरचा आकडा होता, पण त्यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं, असंही तिथेच म्हटलं होतं. पुढे आकडा तेवढा लोकांच्या लक्षात राहिला. भात, आमटी, ताक, फळं हे सगळं त्या हिशेबात येतं.

शिवाय प्यायलेलं पाणी थेट चेहऱ्यावर जात नाही. ते आधी रक्तात जातं आणि जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मऊ राहतो तो मुख्यतः तिथल्या स्निग्धांशामुळे, कारण तो आतला ओलावा उडू देत नाही. म्हणून थंडीत किंवा एसीत त्वचा कोरडी पडली, तर अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलेलं खोबरेल तेल किंवा साधं मलम चार जास्तीच्या ग्लासांपेक्षा अधिक काम करतं. जी व्यक्ती खरोखरच कमी पाणी पिते, तिच्या त्वचेत पाणी वाढवल्यावर थोडा फरक पडू शकतो. ते ओळखायची खूण सोपी आहे: लघवीचा रंग फिका पिवळा असला तर पाणी पुरेसं आहे, गडद असला तर कमी पडतंय. फार थोड्या वेळात खूप पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरून जिवावरही बेतू शकतं.

झोपेचा दावा मात्र बराच भक्कम आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2010 साली 23 जणांचे दोनदा फोटो काढले: एकदा पोटभर झोपेनंतर आणि एकदा अपुरी झोप व त्यापुढे सलग 31 तासांचं जागरण झाल्यावर. कोणता फोटो कधीचा हे ठाऊक नसलेल्या लोकांनीही जागरणाचे चेहरे अधिक थकलेले आणि कमी निरोगी ठरवले. नंतरच्या कामात कारणंही दिसली: जड पापण्या, लाल डोळे, फिका रंग, गडद वर्तुळं. म्हणजे एका जागरणानेसुद्धा चेहरा बोलतो. पण जागरणाने आलेला हा उतार नीट झोप मिळाल्यावर भरून यायला हवा. ताईंनी रात्रीचं पाणी कमी केलं, सुटीच्या दिवसांत सलग आठ तास झोपल्या, तरी आरशात चेहरा तसाच होता. झोप मिळूनही फिकेपणा हटत नाही तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच नवा फेसपॅक आणला जातो.

कारण सापडलं ते डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली तेव्हा. सावळ्या त्वचेवर फिकेपणा चटकन कळत नाही. तो पापणीच्या आतल्या बाजूला, जिभेवर आणि नखांखाली दिसतो. ताईंची पापणी आतून पांढुरकी होती. मग प्रश्न सुरू झाले. जिना चढताना दम लागतो का? बर्फ, खडू, माती खावीशी वाटते का? पाळीत किती पॅड लागतात, गाठी जातात का? बर्फ चघळायची सवय ताईंना होती, पण तो आजाराचा भाग असेल असं कधी मनात आलं नव्हतं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 8.4 निघालं (गरोदर नसलेल्या बाईचं किमान 12 हवं) आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन 6, म्हणजे साठा जवळजवळ संपलेला. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड दिसला. दर महिन्याच्या जास्तीच्या रक्तस्रावात लोह वाहून जात होतं.

ताई यात एकट्या नाहीत. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला.

मग बीटाच्या रसाचं काय? शंभर ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं, डाळिंबात त्याहून कमी. लाल रंगाने फसवलेली ही समजूत आहे. पालकात लोह थोडं अधिक असलं तरी शरीर त्यातलं फारच कमी उचलतं. बाजरी, मटकी, हरभरा, अळीव यांतून बरं मिळतं, मटण आणि कलेजीतलं सगळ्यात सहज शोषलं जातं. भाकरी-उसळीवर लिंबू पिळलं की शोषण वाढतं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की ते निम्म्याहून खाली येऊ शकतं. ताईंचा नाश्ता म्हणजे पोळी आणि चहा. तो चहा त्यांनी तासाभराने पुढे ढकलला.

तरीही इतका रिकामा झालेला साठा जेवणाने भरत नाही, गोळ्याच लागतात. त्यांना दिवसाआड एक लोहाची गोळी मिळाली, लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दूर. शौचाला काळं होईल, घाबरू नका, असंही सांगितलं. पोट बिघडलं म्हणून किंवा काळा रंग पाहून अनेक जणी इथेच गोळ्या सोडतात. पोटात मळमळलं तर जेवणानंतर गोळी घेता येते. शोषण थोडं कमी होतं, पण अजिबात न घेण्यापेक्षा ते बरं. फायब्रॉइडवरचे उपचार स्त्रीरोगतज्ज्ञांनी वेगळे सुरू केले, कारण गळती चालू असताना नुसतं भरत राहण्यात अर्थ नव्हता. हाच रक्तक्षय पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत निघाला, तर आतड्यातून रक्त जात नाही ना याची तपासणी आधी करावी लागते.

महिन्याभरात हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं आणि बर्फाची ओढ थांबली. चेहऱ्यावरची राखाडी झाक पुढच्या काही आठवड्यांत ओसरली. केसगळती थांबायला आणखी बराच वेळ लागला. डोळ्यांखालची वर्तुळं मात्र थोडीच फिकी झाली, कारण ती त्यांच्या आईलाही तशीच आहेत. वारशाने आलेल्या रंगद्रव्यावर लोह, पाणी, झोप यांपैकी कशाचाच इलाज चालत नाही. हिमोग्लोबिन 12 झाल्यावरही गोळ्या आणखी तीन महिने घ्यायच्या आहेत, साठा भरण्यासाठी. त्यानंतर फेरिटिन पुन्हा तपासायचं, असं ठरलं आहे.