तर्रीची साखर पहाटे का चढते?

प्रश्न : माझं वय 52. गोळ्यांवर मधुमेह बराच आटोक्यात आहे. घरी मोजायचं यंत्र आहे. रोज रात्री दोन भाकरी आणि वरण खातो, तेव्हा दोन तासांनी 180-190 भरते आणि सकाळी उपाशीपोटी 130 च्या आसपास. परवा गावात कंदुरीचं जेवण होतं. नऊ वाजता दोनच भाकरी, मटण आणि तर्रीदार रस्सा खाल्ला. अकरा वाजता मोजली तर 148! मटण मला मानवतं असं वाटून निवांत झोपलो. सकाळी सहाला 236. रात्रभर पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. यंत्र बिघडलं की काय? (एक वाचक, शिरड शहापूर, जि. हिंगोली)

उत्तर : यंत्राला दोष देऊ नका. दोन्ही आकडे खरे असण्याची शक्यताच जास्त आहे. अकराचा 148 हाही कंदुरीचाच आणि सहाचा 236 हाही.

आधी अकराचं पाहू. भाकरीतल्या पिठाची साखर होते ती मुख्यतः लहान आतड्यात, जठरात नाही. त्यामुळे रक्तात साखर किती लवकर चढणार हे जठर आपलं खालचं दार किती भराभर उघडतं यावर बरंचसं ठरतं. वरण-भाकरीला ते फारसं अडवत नाही. पण तेलाचे, चरबीचे पहिले घोट आतड्यात उतरले की आतड्याचं अस्तर काही संप्रेरकं सोडतं आणि जठराला निरोप जातो, ‘जरा दमानं सोड.’ त्यांपैकी एकाचं नाव जीएलपी-1. वजन उतरवायची जी इंजेक्शनं सध्या गाजताहेत, ती याचीच नक्कल करतात आणि ती घेणाऱ्यांचं पोट लवकर भरतं त्यामागेही हा निरोप आहेच. शिवाय पातेल्यात तर्री जशी वर येते तशी ती जठरातही बरीचशी वरच तरंगते. खालचा पातळ रस्सा आधी निघतो, तेल मागाहून उतरत राहतं आणि दाराला आवर घालत राहतं. म्हणून अकरा वाजता तुमच्या दोन भाकऱ्यांतला मोठा वाटा अजून पोटातच होता. 148 वाचून ‘मटण मानवतं’ म्हणणं म्हणजे माल गाडीतून उतरायच्या आतच हिशेब मांडणं.

एवढंच असतं तर काळजीचं कारण नव्हतं. तीच साखर सावकाश आली असती, शरीरानं सावकाश जिरवली असती. उलट बरंच झालं असतं. पण दुसरी गोष्ट तीन-चार तासांनी सुरू होते आणि तुमच्या सकाळच्या आकड्याचं मूळ तिथे आहे. पचलेल्या तेलातली मेदाम्लं रक्तात वाढतात. ती वाढली की स्नायू साखर उचलायला कुचराई करतात. यकृत तर आणखी वाईट वागतं. रात्री आपण जेवत नसताना यकृतच थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं आणि इन्शुलिन त्याला लगाम घालतं. मेदाम्लं वाढलेली असताना तो लगाम ढिला पडतो. म्हणजे एकीकडे भाकरीची उशिरा आलेली साखर, दुसरीकडे यकृताची, आणि जिरवायला इन्शुलिन आहे तेवढंच, तेही नेहमीपेक्षा कमी जोराचं. मटणाच्या प्रथिनांतूनही शरीर थोडी साखर बनवतं आणि तीही उशिराच येते.

चरबीचा दोष खरंच एवढा असतो का, हे बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रात हॉवर्ड वोल्पर्ट आणि सहकाऱ्यांनी नीट तपासलं. त्यांचा अहवाल 2013 साली आला. टाइप 1 मधुमेहाच्या 7 जणांना त्यांनी दोन वेगवेगळ्या रात्री जेवण दिलं. पिष्ट आणि प्रथिनं दोन्ही रात्री सारखीच, फक्त चरबी एका रात्री 10 ग्रॅम आणि दुसऱ्या रात्री 60. इन्शुलिन रक्तातली साखर पाहून यंत्रच देत होतं. चरबीच्या रात्री सरासरी 9 ऐवजी 12.6 युनिट इन्शुलिन लागलं आणि तरीही साखर जास्तच राहिली. दार नुसतं हळू उघडलं असतं तर एकूण इन्शुलिन वाढायचं कारण नव्हतं. माणसामाणसांत फरक मात्र खूप दिसला. त्यामुळे ‘एवढ्या तर्रीला एवढी साखर’ असं कोष्टक कुणी देऊ लागलं तर विश्वास ठेवू नका. 60 ग्रॅम हा आकडा परदेशी वाटेल, पण तेलाचा एक मोठा चमचा सुमारे 14 ग्रॅमचा असतो. लाल तर्रीच्या तीन पळ्या आणि चरबीदार मटण यांत तिथवर पोचायला वेळ लागत नाही. शहरात हेच पिझ्झ्याचं होतं, चीज आणि मैदा एकत्र. मटण न खाणाऱ्यांनीही निश्चिंत होऊ नये. पुरणपोळीवर वाटीभर तूप किंवा पुरी आणि बासुंदी हा त्याच जातीचा मामला आहे.

तुमच्या बाबतीत हेच झालं का, ते पडताळता येतं. पुढच्या वेळी तर्रीदार जेवणानंतर दोन, चार आणि सहा तासांनी आणि मग सकाळी सहा वाजता मोजा. नंतर एखाद्या रात्री त्याच वेळी, तेवढ्याच भाकऱ्या वरणाबरोबर खाऊन पुन्हा तसंच मोजा. वरणाच्या रात्री आकडा आधी चढून उतरलेला दिसेल, तर्रीच्या रात्री आधी दबून मग चढत गेलेला. वरणाच्या रात्रीही तीन वाजता ठीक आणि सहाला जास्त असं दिसलं, तर कारण वेगळं. पहाटे शरीराची काही संप्रेरकं आपसूक वाढतात आणि पुष्कळांची साखर चढवतात, त्यात तेलाचा हात नसतो. आणि साधं जेवणही तासन् तास पोटात बसल्यासारखं वाटत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, उलट्या होत असतील, तर जुन्या मधुमेहानं जठराच्या नसा मंदावल्या आहेत का हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं.

सकाळचे 236 पाहून किंवा रात्री आधीच धसका घेऊन जादा गोळी मात्र घेऊ नका. जेवणाआधी झटपट इन्शुलिन घेणाऱ्यांची तर इथे भलतीच फसगत होते. इन्शुलिन तासा-दीड तासात जोरात येतं, भाकरी अजून जठरात अडकलेली, साखर एकदम उतरते, घाम फुटतो. मग माणूस साखर खातो, ते बरोबरच आहे. पण चार तासांनी इन्शुलिन ओसरलेलं असतं आणि तेव्हा भाकरी, यकृत, खाल्लेली साखर सगळं एकदम वर येतं. पंप वापरणाऱ्यांना डोस विभागून, काही आधी आणि काही पुढच्या दोन-तीन तासांत हळूहळू, असा देता येतो. सुईवाल्यांनाही काही डॉक्टर तो दोनदा घ्यायला सांगतात. किती आणि केव्हा हे त्यांनीच ठरवायचं.

तुम्ही करण्यासारखं एवढंच : भाकऱ्या दोनच ठेवा, ताटात वाढलेल्या रश्श्यावरची तर्री बाजूला काढा, आणि जमलं तर सातला जेवा म्हणजे झोपायच्या आधी चार तासांचा आकडा हाती येईल. कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत उपाशीपोटीची तपासणी ठेवू नका. 236 चा कागद पाहून डॉक्टर रोजची गोळी वाढवतील आणि ती पुढे वरण-भाकरीच्या रात्रींना जड जाईल. कागद आधीच निघाला असेल, तर रात्री काय जेवलात ते त्यांना सांगा, आणि तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए1सी तपासणी केव्हा करायची तेही विचारा. एका रात्रीच्या तर्रीनं तो आकडा फारसा हलत नाही.