परदेशी राख्या : पेणहून निघण्याच्या शेवटच्या तारखा

यंदा राखीपौर्णिमा २८ ऑगस्टला, शुक्रवारी आहे. परदेशातल्या भावाला सणाआधी राखी मिळावी असं वाटत असेल, तर या तीन तारखा लक्षात ठेवा. टपालाच्या ट्रॅक्ड पॅकेटने पाठवायची तर ऑर्डर २० जुलैपर्यंत द्या, ईएमएस स्पीड पोस्टने ६ ऑगस्टपर्यंत आणि खासगी कुरिअरने १४ ऑगस्टपर्यंत. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आणि त्यानंतर रविवार, म्हणून १४च्या पुढे आम्ही हमी देत नाही.

साधं पाकीट म्हणजे दोन राख्या, कुंकवाची पुडी आणि हाताने लिहिलेलं शुभेच्छापत्र. ट्रॅक्ड पॅकेटने टपालखर्चासह ७५० रुपये, पोहोचायला तीन ते पाच आठवडे. हेच पाकीट ईएमएसने १,९०० रुपयांत जातं आणि साधारण आठ ते बारा दिवस घेतं. पाच राख्या मावतील असा खोका कुरिअरने २,९०० रुपयांत जातो, त्याला पाच ते आठ दिवस लागतात. हे दिवस पाकीट मुंबईतून परदेशी निघाल्यावरचे आहेत. पेणहून मुंबईला जायला आणखी एक-दोन दिवस धरा, मुसळधार पावसात तीनसुद्धा.

उशीर बहुतेक वेळा विमानापेक्षा कस्टममध्ये होतो, आणि तिथे अडवतं ते पाकिटातलं सामान. अलिबागच्या ताईंना मेलबर्नच्या भावाला रुद्राक्षाची राखी, अक्षता आणि पेढे पाठवायचे आहेत असं धरा. ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा तपासणी कडक असते. रुद्राक्ष म्हणजे बी, अक्षता म्हणजे धान्य आणि पेढ्यात दूध. यातलं काहीही सापडलं तर पाकीट थांबतं, वस्तू नष्ट होऊ शकते. त्यांच्यासाठी आम्ही रेशमी गोंड्याची, काचमण्यांची राखी बांधतो आणि अक्षता काढून टाकतो. पेढे भावाने तिथल्याच भारतीय दुकानातून घ्यावेत, हे जास्त शहाणपणाचं. न्यूझीलंडलाही आम्ही हेच पथ्य पाळतो.

कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘भेट’ लिहून भागत नाही. ‘धाग्याच्या राख्या, २ नग’ असं स्पष्ट लिहून खरी किंमत टाकावी लागते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे. त्यामुळे अमेरिकेच्या ऑर्डरवर कर लागत असेल तर त्याची रक्कम आधी कळवू, तुमचा होकार आला की मगच पाकीट बंद करू.

मुंबई सोडल्यावर ट्रॅकिंग काही दिवस हलत नाही. तेवढ्याने घाबरू नका, विमान उतरून तिकडे नोंद झाली की ते पुन्हा दिसू लागतं. मात्र कस्टमने रोखल्याची नोंद दिसली तर भावाला लगेच फोन करा, कारण कागद बहुधा त्याच्याकडेच मागतात. म्हणूनच ऑर्डर देताना त्याचा तिथला चालू मोबाइल नंबर आणि पोस्टल कोडसह पूर्ण पत्ता लिहून द्या.